साबणाची जागा: महिला गटासाठी हात धुण्याच्या सत्राचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या एका विद्यार्थिनीने क्षेत्रकार्यात घेतलेल्या आरोग्य शिक्षण सत्राचं हे प्रकरण आहे. मी तिची मार्गदर्शक होते. गृहभेटींपासून शेवटच्या पडताळणीपर्यंत मी सोबत होते, त्यामुळे जे घडलं ते जवळून पाहता आलं. गाव, गट आणि माणसं ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत.

तिला मिळालेला विषय होता ‘हात धुणे आणि स्वच्छता’. श्रोते म्हणजे गावातला महिला गट, साधारण वीस बायका. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या घरी पाच वर्षांखालची मुलं होती, काही जणी आज्या होत्या. गटाची बैठक ठरलेल्या दिवशी होतच असे, त्यामुळे वेगळं बोलावणं करायची गरज नव्हती. वेळ मात्र 40 मिनिटांचाच होता, कारण गटाचं स्वतःचं कामकाज आधी उरकायचं होतं.

विद्यार्थिनीने आणलेला पहिला आराखडा वर्गात शिकवतात तसाच होता. मुख्य उद्दिष्ट लिहिलं होतं, ‘सत्राच्या शेवटी महिलांना हात धुण्याचं महत्त्व समजेल.’ आशयाच्या रकान्यात हात कधी धुवावेत, कसे धुवावेत, शौचालयाचा वापर, पिण्याचं पाणी झाकणं, कचरा, सांडपाणी आणि नखं असं सगळं होतं. पद्धत व्याख्यान, साधन तक्ता आणि मूल्यमापन शेवटी विचारायचे पाच प्रश्न. आराखडा चुकीचा नव्हता. पण तो कुठल्याही गावात, कुठल्याही गटापुढे जसाच्या तसा चालला असता, आणि मला तेच खटकत होतं. म्हणून सत्राआधी गटातल्या काही घरांना भेट द्यायचं ठरलं.

समस्या: भेटीत काय दिसलं

भेटीला निघताना एकच गोष्ट ठरवली होती. ‘तुम्ही हात धुता का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. या प्रश्नाला कुणी ‘नाही’ म्हणत नाही. लोक खोटं बोलतात असं नाही, पण अपेक्षित उत्तर काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. जगभरच्या पाहणीतही सांगितलेलं आणि पाहिलेलं यांत फार अंतर आढळतं. प्रत्यक्ष निरीक्षणाच्या अभ्यासांवरून 2014 साली काढलेला अंदाज असा होता की शौचाशी संबंध आल्यानंतर साबणाने हात धुणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 19 टक्के आहे. म्हणून विद्यार्थिनीने विचारलं ते वेगळं. ‘काकू, मला हात धुवायचेत, कुठं धुऊ?’

या एका प्रश्नातून बरंच कळलं. बहुतेक घरांत तिला मोरीकडे नेलं. पाणी बादलीत, वर मग. साबण कुठे आहे म्हटल्यावर घरातली बाई आत गेली आणि फळीवरून साबण घेऊन आली. तो अंघोळीचा साबण होता, वरून कोरडा, कडेने तडे गेलेला. म्हणजे घरात साबण होता, पण हात धुण्याच्या जागी नव्हता. कारण विचारलं तेव्हा उत्तरं सरळ होती. ‘तिथं ठेवला की पाण्यात विरघळतो.’ ‘पोरं खेळत बसतात.’ एका घरी तर कावळ्याने उचलून नेल्याचं सांगितलं. साबण जपून वापरायची वस्तू आहे आणि जपायची तर उंचावर ठेवायची, इतका तो साधा हिशेब होता.

दुसरी गोष्ट एका घराच्या अंगणात दिसली. आई तान्ह्या मुलाची शी काढत होती. डाव्या हाताने मुलाला पुसलं, त्याच हाताने मगाची दांडी धरून पाणी घेतलं, मुलाला धुतलं, मग दोन्ही हातांवर पाणी ओतून घेतलं. लंगोट मोरीच्या कोपऱ्यात टाकला आणि मुलाला कडेवर घेऊन ती आत गेली. पाच मिनिटांनी तोच मग सासूबाईंनी उचलला, हात विसळले आणि त्या दुसऱ्या नातवाला भरवायला बसल्या. कुणीही काही वावगं केलं असं त्यांना वाटण्याचं कारण नव्हतं. हात दोघींनीही धुतले होते. फक्त साबण नव्हता, आणि मगाची दांडी कुणी धुतली नव्हती.

लंगोट आणि शी कुठे जाते हे विचारल्यावर तिसरी गोष्ट पुढे आली. शौचालय असलेल्या घरांतही लहान मुलांची शी गटारीत किंवा परसात टाकली जात होती. एक आजी म्हणाल्या, ‘तान्ह्या बाळाची शी कसली घाण? ते दूधच पितंय.’ हा समज सर्वत्र आढळतो आणि धोक्याचा आहे. लहान मुलांना जुलाब वारंवार होतात, त्यामुळे त्यांच्या शीत रोगजंतू असण्याची शक्यता मोठ्या माणसांपेक्षा कमी नसते, बऱ्याचदा जास्तच असते.

भेटी संपल्यावर समस्या पहिल्या आराखड्यापेक्षा वेगळी दिसू लागली. हात धुवावेत हे सगळ्यांना माहीत होतं. अडचण तीन ठिकाणी होती: साबण जागेवर नाही, धुण्याच्या कृतीतच मळका हात मगाला लागतो, आणि बाळाची शी घाणीत मोजलीच जात नाही.

पहिला निर्णय: किती विषय घ्यायचे

विद्यार्थिनीचा कल सुरुवातीला सगळं घेण्याकडे होता. विषयातच ‘स्वच्छता’ हा शब्द आहे, पाणी आणि कचरा सोडला तर गुण जातील, अशी तिला काळजी होती. ती रास्त होती. मूल्यांकन करणारे आशय पूर्ण आहे का हे पाहतातच.

आम्ही तीन पर्याय मांडले. पहिला, तक्त्यावरून सगळ्या स्वच्छतेचं व्याख्यान. यात काही सुटत नाही, पण 40 मिनिटांत सात विषय म्हणजे प्रत्येकाला जेमतेम पाच-सहा मिनिटं, आणि त्यांतलं बहुतेक बायकांना आधीच माहीत. दुसरा, हात धुण्याच्या पायऱ्यांचं प्रात्यक्षिक. हे करायला सोपं, पाहायलाही छान. पण इथं पायऱ्या चुकत होत्या म्हणून हात अस्वच्छ राहत होते असं नव्हतं. ज्या घरी साबण फळीवर आहे तिथं सहा पायऱ्या पाठ करून काय होणार? तिसरा पर्याय, एकच साखळी घ्यायची: बाळाची शी, ती काढणारा हात, मगाची दांडी, भरवणारा हात, मुलाचं तोंड. ही साखळी कुठे तोडायची एवढंच सत्र.

तिसरा पर्याय निवडला. यात शौचालयाचा विषय शीच्या विल्हेवाटीतून येतो आणि हात धुण्याच्या दोन महत्त्वाच्या वेळाही येतात, म्हणजे शी काढल्यावर किंवा शौचाहून आल्यावर, आणि स्वयंपाक करण्या-भरवण्याआधी. हात धुण्याच्या वेळांची यादी आठ-दहा कलमांपर्यंत जाऊ शकते, पण जुलाबाच्या दृष्टीने या दोन वेळांचं वजन सर्वांत जास्त. पाणी झाकणं आणि कचरा हे विषय ‘पुढील सत्र’ म्हणून आराखड्याच्या शेवटी लिहिले. विषय जाणीवपूर्वक सोडला आहे, विसरलेला नाही, हे परीक्षकाला दाखवायचं तर तो कारणासह नोंदवावा लागतो. विद्यार्थिनीने तसं चार ओळींत लिहिलं आणि ते पुरेसं ठरलं.

दुसरा निर्णय: उद्दिष्टं कशी लिहायची

‘महत्त्व समजेल’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. समजलं की नाही हे बाहेरून दिसत नाही. म्हणून डोळ्यांना दिसेल अशी क्रियापदं घेतली. अभ्यासक्रमात ज्ञान, वृत्ती आणि कौशल्य असे तीन भाग मागतात, तेही यात बसले.

ज्ञानाचं उद्दिष्ट: प्रत्येक सहभागी बाई बाळाच्या शीपासून मुलाच्या तोंडापर्यंतचे टप्पे क्रमाने सांगेल आणि साखळी कुठे तुटते त्या दोन जागा दाखवेल. कौशल्याचं उद्दिष्ट: जोडीदारणीच्या मदतीने, मगाला मळका हात न लावता, साबणाने निदान 20 सेकंद हात चोळून धुऊन दाखवेल. वृत्तीच्या उद्दिष्टावर सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी ते असं झालं: प्रत्येक बाई आपल्या घरात साबण-पाणी कुठे ठेवणार ती जागा स्वतः ठरवून गटासमोर सांगेल.

यात चौथं एक उद्दिष्ट जोडलं, जे सत्राच्या दिवशी तपासताच येत नाही: दोन आठवड्यांनी भेट दिलेल्या घरांपैकी निम्म्या घरांत ठरवलेल्या जागी वापरात असलेला साबण दिसेल. निम्मं का? कारण पूर्ण गाव एका बैठकीत बदलेल असं लिहिणं खोटं ठरलं असतं, आणि पडताळणीचा दबाव विद्यार्थिनीवर आला असता. आकडा आधी लिहून ठेवल्याचा फायदा असा की निकाल पाहून नंतर तो सोयीने बदलता येत नाही.

तिसरा निर्णय: भीती, किळस की माया

आशय कशाच्या आधारे मांडायचा हा प्रश्न उरला होता. रोगांची भीती घालणं ही नेहमीची वाट. आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यातल्या 14 गावांत झालेला एक प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात रोगांचा उल्लेख मुद्दाम टाळून किळस, आईची माया आणि चारचौघांतली रीत यांवर मोहीम बेतली होती. सहा महिन्यांनी मोहीम झालेल्या गावांत महत्त्वाच्या वेळी साबणाने हात धुण्याचं प्रमाण 37 टक्के होतं, इतर गावांत 6 टक्के. एका सत्राची आणि त्या मोहिमेची तुलना होत नाही, तिथं कितीतरी जास्त काम झालं होतं. पण दिशा त्यातून मिळाली.

किळस वापरायची, तर ती कुणाच्या वाट्याला येईल याचा विचार आधी करावा लागतो. गटात दोन घरं अशी होती जिथं शौचालय नव्हतं. उघड्यावरच्या शौचाची किळस दाखवली असती तर त्या दोघी सगळ्यांच्या नजरेखाली आल्या असत्या आणि पुढच्या बैठकीला आल्याच नसत्या. म्हणून ठरलं की किळस हाताची आणि मगाची दाखवायची, घराची नाही. हात सगळ्यांचे सारखेच. आणि मायेचा धागा आज्यांकडून घ्यायचा, कारण बऱ्याच घरांत भरवण्याचं काम त्याच करत होत्या.

सत्र कसं झालं

तयारीत पाण्याचा हिशेब आधी केला. एका धुण्याला अर्धा लिटर धरला तरी वीस बायकांनी दोनदा हात धुवायचे म्हणजे 20 लिटर. ते आधी भरून ठेवलं आणि धुतलेलं पाणी पडायला घमेली मांडली. चार जागा केल्या, प्रत्येक जागी बादली, मग आणि साबणाच्या पाण्याची बाटली. बाटलीत दीड लिटर पाण्याला 30 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर, झाकणाला खिळ्याने भोक. दाबली की चूळकाभर फेसाळ पाणी येतं. विरघळण्याची, पोरांनी खेळण्याची आणि कावळ्याची, या तिन्ही तक्रारींना हे उत्तर होतं. ज्यांच्या हाताला भेगा किंवा खाज आहे त्यांना पावडरीचं पाणी झोंबू शकतं, म्हणून एका जागी वडीचा साबण जाळीच्या पिशवीत टांगून ठेवला होता. पाणी निथळतं म्हणून तो विरघळत नाही.

पहिली पाच मिनिटं ओळख आणि साखळीची पाच चित्रं क्रमाने लावण्यात गेली. चित्रं बायकांनीच लावली. मगाचं चित्र सगळ्यांनी शेवटी ठेवलं, कारण ते कुठे बसतं ते कुणालाच कळेना. विद्यार्थिनीने तिथं काही सांगितलं नाही. ‘राहू दे, नंतर बघू,’ एवढंच म्हणाली. हे तिने फार चांगलं केलं.

पुढची आठ मिनिटं सत्राचा गाभा होती. पुढे आलेल्या दोघींच्या डाव्या हाताला थोडं तेल लावून रंगीत खडूची पूड चोळली. हा शी काढलेला हात. पहिलीला सांगितलं, घरी धुता तसे धुवा. तिने रंगलेल्या हाताने मग उचलला, पाणी घेतलं, हात विसळले आणि दाखवले. नखांच्या कडेला, तळव्याच्या रेषांत आणि बोटांच्या बेचक्यांत रंग तसाच होता. मग मागून एकीचा आवाज आला, ‘अगं, दांडीला बघ!’ मगाची दांडी रंगली होती. पदराला हात पुसला होता तिथंही डाग पडला होता. आता चित्रांतल्या मगाची जागा कुणाला विचारावी लागली नाही, एकजण उठली आणि तिने ते चित्र शी काढणाऱ्या हाताच्या आणि भरवणाऱ्या हाताच्या मध्ये ठेवलं.

दुसरीने साबणाने धुतले, पण पाणी जोडीदारणीने ओतलं. 20 सेकंद गटाने मोठ्याने मोजले. नखं तळव्यावर घासली, अंगठा मुठीत धरून फिरवला, बोटं बोटांत गुंतवली. रंग जवळजवळ गेला. थोडा नखाखाली उरला, आणि नखं का कापायची हे त्यावरूनच सांगून झालं.

मग कारण. साबण जंतूंना मारतो म्हणून नव्हे, तर हातावरचा तेलकटपणा सोडवतो आणि त्याबरोबर जंतू सुटून वाहून जातात, हे विद्यार्थिनीने रंग दाखवतच सांगितलं. नुसतं पाणी अगदीच निरुपयोगी नाही, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात हात न धुता घेतलेल्या नमुन्यांपैकी 44 टक्क्यांत शौचातून येणारे जंतू सापडले, नुसत्या पाण्याने धुतल्यावर 23 टक्क्यांत आणि साबणाने धुतल्यावर 8 टक्क्यांत. गटासमोर टक्केवारी सांगितली नाही. ‘पाण्याने निम्मं जातं, साबणाने बरंच जातं,’ एवढ्यात ते झालं. हे मांडणं मला महत्त्वाचं वाटतं. साबण नसेल तर धुण्यात अर्थच नाही असा निरोप गेला, तर साबण संपलेल्या दिवशी बाई हात विसळणंही सोडते.

इथं एकीने विचारलं, ‘राखेने चालतं का?’ उत्तर आधी तयार होतं. राखेने चोळल्याने मळ निघतो, पण ती साबणाइतकी काम करते असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. साबण असताना राख घेऊ नये, आणि अंगणातली माती तर नकोच, कारण तिच्यात जंतांची अंडी असू शकतात. ज्या आज्या आयुष्यभर माती वापरत आल्या होत्या त्यांना हे ऐकून वाईट वाटलं असणार. विद्यार्थिनीने त्यांच्या सवयीला नावं ठेवली नाहीत. ‘चोळायचं तुम्हाला ठाऊकच आहे आजी, फक्त हातात साबण घ्या,’ असं ती म्हणाली.

बाळाच्या शीचा भाग थोडक्यात पण स्पष्ट झाला. शी शौचालयात टाकायची, लंगोट धुतल्याचं पहिलं पाणीही तिथंच ओतायचं, मग हात. ज्या घरी शौचालय नाही त्यांनी घरापासून, पाण्यापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब खड्डा करून पुरायची. हे दुसरं वाक्य सगळ्यांसाठीच सांगितलं, ‘शेतावर, प्रवासात असलात तर’ असं म्हणून. दोघींकडे कुणी वळून पाहिलं नाही.

उरलेल्या वेळात जोडीजोडीने सराव झाला आणि शेवटची सात मिनिटं जागा ठरवण्यात गेली. प्रत्येकीने सांगितलं, ‘माझी बाटली शौचालयाच्या दाराला बांधणार,’ ‘मोरीच्या खिळ्याला.’ दोघी-तिघींनी चुलीजवळ म्हटलं. जागा ऐकताना बाकीच्या सूचना करत होत्या, ‘तिथं ऊन लागतं,’ ‘तिथं पोराचा हात पोचणार नाही.’ हा भाग आराखड्यात सगळ्यात कमी लिहिलेला होता, पण सगळ्यात जास्त बोलणं इथंच झालं.

पडताळणी आणि परिणाम

सत्राच्या दिवशीची उद्दिष्टं पूर्ण झाली. सगळ्यांनी साखळी सांगितली, सगळ्यांनी धुऊन दाखवलं. काही जणींना मग न विटाळण्याची पद्धत जमायला दुसरा प्रयत्न लागला. पाणी ओतायला दुसरं माणूस नसेल तेव्हा काय, हा प्रश्न सरावातच निघाला. त्याला दोन उत्तरं मिळाली. एक, स्वच्छ हाताने मग धरायचा, म्हणजे शी काढणारा हात दांडीला लावायचाच नाही. दोन, पाण्याचा डबा उंच टांगून पायाने ओढायची दोरी बांधायची, म्हणजे हात लागतच नाही. दुसरं उत्तर चांगलं असलं तरी ते उभं करायला घरातल्या कुणाचा तरी अर्धा दिवस लागतो.

दोन आठवड्यांनी भेटी झाल्या. येणार हे गटाला सांगितलं होतं, दिवस सांगितला नव्हता. पुन्हा तोच प्रश्न, ‘हात कुठं धुऊ?’ आणि मग नजर साबणावर: ओला आहे का, बाटलीत किती उरलंय, झाकणाचं भोक बुजलंय का. बाटली टांगलेली असणं पुरेसं नाही. पाहुणे येणार म्हणून बाटली भरता येते, पण अर्धी रिकामी बाटली, खाली फेसाचे वाळलेले डाग आणि ओली जमीन हे सगळं जुळवून आणणं अवघड असतं.

निम्म्याचं उद्दिष्ट शौचालय आणि मोरीच्या जागी गाठलं गेलं, थोडं ओलांडलंही. चुलीजवळ मात्र जवळजवळ कुठेच साबण टिकला नव्हता. दोन कारणं दिसली. स्वयंपाकाच्या जागी पाणी वाहून जायला वाट नव्हती, त्यामुळे तिथं हात धुणं म्हणजे जमीन ओली करणं. आणि दुसरं, स्वयंपाकाआधी हात मळके दिसत नाहीत. शी काढल्यावर वास आणि स्पर्शच हात धुवायला लावतात, भरवण्याआधी असं काहीच आठवण करून देत नाही. ज्या किळसेवर सत्र उभं होतं तिचा जोर नेमका या दुसऱ्या वेळी लागू पडला नाही.

आणखी एक गोष्ट आराखड्यात कुठेच नव्हती. काही घरांत बाटली जागेवर होती, पण रिकामी. पहिले काही दिवस वापरली, संपली आणि भरायचं कुणाचं काम ते ठरलेलं नव्हतं. ज्या घरांत बाटली चालू होती तिथं विचारलं तर एक सारखेपणा निघाला: कपडे धुताना, पावडर हातात असतानाच, बाटली भरली जात होती. एका सुनेने सांगितलं, ‘कपड्याला बसले की आधी ती भरते, नाहीतर राहतंच.’ हा सल्ला मग बाकीच्या घरांना तिथल्या तिथे दिला.

शीच्या विल्हेवाटीचा परिणाम मोजता आला नाही. भेटीच्या वेळी ती कृती घडलेली दिसेलच असं नाही, आणि विचारलं तर पुन्हा तेच अपेक्षित उत्तर मिळतं. दोन घरांत लहान मुलांचं भांडं शौचालयाजवळ ठेवलेलं दिसलं, एवढीच नोंद झाली. ती पुरावा म्हणून लिहिली नाही, निरीक्षण म्हणून लिहिली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली सुधारणा भरवण्याच्या वेळेबाबत. ती साबणाच्या जागेने सुटत नाही, तिला सवयीची खूण लागते. चुलीजवळ पाण्याचा निचरा नसेल तर बाटली मोरीतच राहू द्यावी आणि हात धुणं एखाद्या ठरलेल्या कृतीला बांधावं, जसं मुलाचं ताट घेण्याआधी मोरीकडे जाणं. सत्रात जागा ठरवायला सात मिनिटं दिली तशी ‘कशाच्या आधी’ हे ठरवायलाही तितकीच द्यायला हवीत. त्यातली काही मिनिटं सुरुवातीची चित्रं मांडण्याच्या वेळेतून काढता येतील, पण रंगाच्या प्रयोगाला हात लावू नये.

दुसरी, बाटली भरण्याचं काम सत्रातच कुणाच्या तरी नावावर व्हायला हवं. प्रत्येकीने जागा सांगितली तशी ‘कोण भरणार आणि कधी’ हेही सांगायचं. एका वाक्याचा हा बदल आहे आणि रिकाम्या बाटल्यांचा प्रश्न त्याने बराच कमी होईल असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट पाणी भरण्याची आणि दोरीचा डबा उभारण्याची. ही कामं गटातल्या बायकांच्या एकट्याच्या हातातली नव्हती. डबा टांगायला खांब, खिळा, जागा आणि घरातल्या पुरुषांचं सहकार्य लागतं, आणि पाणी लांबून आणावं लागत असेल तर हात धुण्याचं अर्धा लिटर पाणी बाईच्याच डोक्यावरून येतं. सगळं शिक्षण बायकांना आणि सगळं कामही बायकांनाच, असा आराखडा पुन्हा होऊ नये. पुढच्या आराखड्यात घरातल्या पुरुषांसाठी पंधरा मिनिटांचा वेगळा भाग असावा आणि त्यात फक्त डबा उभारून दाखवावा, व्याख्यान नको.

चौथी, दोन आठवड्यांच्या भेटीनंतर आणखी एक भेट हवी होती, निदान दोन-तीन महिन्यांनी. नव्याने लावलेली बाटली पंधरा दिवस टिकणं आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भरली जाणं यांत फरक आहे. विद्यार्थिनीचं क्षेत्रकार्य तोवर संपलं होतं. अशा वेळी पडताळणीचा तक्ता गटातल्याच एका बाईकडे किंवा गावच्या आरोग्य कार्यकर्तीकडे सोपवता येतो. तक्त्यात तीनच रकाने पुरेत: साबण जागेवर आहे का, ओला आहे का, शेवटचा कधी भरला. मूल्यमापनाच्या रकान्यात ‘प्रश्नोत्तरे’ लिहिण्याऐवजी हा तक्ता आणि तो कुणाकडे सोपवला त्याची नोंद जोडावी.